अस्पर्श रांग : संचयी कन्व्हेयरवरील खंडनियंत्रण

कारखान्यात दोन यंत्रे एकापुढे एक मांडलेली असली, तरी त्यांची गती तंतोतंत जुळते असे सहसा घडत नाही. मागचे यंत्र आपल्या लयीत माल देत राहते आणि पुढचे यंत्र मध्येच काही क्षण थांबते. मागच्या यंत्रास प्रत्येक वेळी थांबवावयाचे नसेल, तर मधल्या कन्व्हेयरवरच माल काही काळ साठू देणे भाग असते. वाहता वाहता होणाऱ्या या साठ्यास संचय म्हणतात आणि ज्या कन्व्हेयरवर तो हेतुपूर्वक घडवून आणला जातो, त्यास संचयी कन्व्हेयर म्हणतात. अशा कन्व्हेयरवर खोक्यांची रांग लागावी, परंतु एका खोक्याने दुसऱ्यास स्पर्श करू नये, ही व्यवस्था कशी साधते आणि ती कोठे फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एका संज्ञेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. या व्यवस्थेस इंग्रजीत 'झीरो प्रेशर अॅक्युम्युलेशन' असे नाव रूढ असून त्याचा 'शून्यदाब संचय' असा शब्दशः मराठी पर्याय सहज करता येतो. परंतु हा पर्याय वापरताना सावध असावे. दाब नसणे आणि स्पर्श नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन खोकी एकमेकांस टेकून उभी असली आणि त्यांच्याखालचे रोलर थांबलेले असले, तर मागचे खोके पुढच्यास ढकलीत नाही. म्हणजे दाब शून्य आहे, पण स्पर्श आहे. काचेच्या बाटल्या, ओलसर छपाईची वेष्टने किंवा कोपरे सहज चेमटणारी खोकी यांच्या बाबतीत हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. शिवाय, पुढचे यंत्र खोकी मोजणारे असेल तर टेकलेली दोन खोकी त्यास एकच वाटतात. यास्तव आपण येथे 'अस्पर्श रांग' हा शब्द योजू. शून्यदाब हा त्या रांगेचा एक गुण होय. तो असला की ती रांग अस्पर्श झालीच, असे समजू नये.

दाबाचा प्रश्न मुळात उद्भवतो कसा, ते प्रथम पाहू. एक उदाहरण घेऊन तेच लेखभर चालवू. औषधाच्या बाटल्यांनी भरलेली खोकी आहेत. प्रत्येक खोके ४०० मिलिमीटर लांब व १५ किलो वजनाचे आहे. पट्ट्याचा साधा कन्व्हेयर १२ मीटर लांबीचा असून त्याच्या तोंडाशी अडसर आहे. अडसर बंद आणि पट्टा चालू, अशा स्थितीत या लांबीवर ३० खोकी एकमेकांस चिकटून उभी राहतील. पट्टा व खोके यांच्यामधील घर्षणांक ०.३ धरला, तर प्रत्येक खोक्याखालून सरकणारा पट्टा त्यास सुमारे साडेचार किलो वजनाच्या भाराइतक्या जोराने पुढे रेटतो. हे रेटे एकमेकांत मिळत जातात. अगदी पुढच्या खोक्याच्या पाठीवर मागच्या २९ खोक्यांचा मिळून सुमारे १३० किलोचा भार येतो. असल्या भाराखाली खोकी चेपतातच. त्याशिवाय एखादे जरा तिरपे उभे असले तर ते रांगेतून बाजूला उसळून बाहेर फेकले जाते. ज्या जुन्या रचनांत रोलर खालून हलकेच घासत फिरतात, तेथे रेटा वजनाच्या शेकडा ५ इतका खाली आणता येतो. तरीही पहिल्या खोक्यावर सुमारे २२ किलोचा भार उरतोच, आणि रांग जितकी लांब तितका तो वाढतो.

हा भार नाहीसा करण्याचा उपाय असा की, कन्व्हेयरचे अनेक लहान खंड पाडावयाचे व प्रत्येक खंड स्वतंत्रपणे चालविता व थांबविता येईल असे करावयाचे. खंडाची लांबी सर्वांत लांब खोक्याहून काहीशी अधिक ठेवतात, म्हणजे एका खंडात एकच खोके मावते. आपल्या उदाहरणात खंडाची लांबी ६०० मिलिमीटर धरू. १२ मीटरांत असे २० खंड होतील. आधुनिक रचनेत प्रत्येक खंडातील एका रोलरच्या पोटातच २४ व्होल्टवर चालणारी छोटी मोटर असते आणि त्याच खंडातील इतर रोलर तिला रबरी कड्यांनी किंवा पट्ट्यांनी जोडलेले असतात. खंडाच्या पुढच्या टोकाजवळ प्रकाशकिरणावर चालणारा एक सेन्सर बसवितात. पूर्वी हे काम वजनाने दबणाऱ्या एखाद्या रोलरकडे किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या झडपेकडे असे. साधने बदलली तरी नियम तोच राहिला आहे.

तो नियम आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. खंडांना बाहेर पडण्याच्या तोंडापासून मागे १, २, ३ असे क्रमांक देऊ. कोणताही खंड स्वतःस दोनच प्रश्न विचारतो: माझ्या सेन्सरसमोर खोके आहे काय, आणि माझ्या पुढच्या खंडाच्या सेन्सरसमोर खोके आहे काय? दोहोंचे उत्तर 'होय' आले तर खंड थांबतो, अन्यथा चालतो. पहिल्या खंडापुरते पुढच्या खंडाऐवजी अडसराचे किंवा पुढच्या यंत्राचे उत्तर घ्यावयाचे. सातव्या खंडास तिसऱ्या खंडात काय चालले आहे याची वार्ता नसते, आणि तशी गरजही नसते. अडसर लागला की पहिले खोके पहिल्या सेन्सरपाशी येऊन थांबते. मग दुसरे खोके दुसऱ्या सेन्सरपाशी येते, आपल्या पुढे जागा अडलेली पाहून थांबते. आणि अशा रीतीने रांग तोंडापासून मागे मागे वाढत जाते. रांगेची एकंदर लांबी मोजणारा कोणी नसताही ती नीट लागते. खोक्याखालचे रोलरच थांबलेले असल्याने रेटा उरत नाही, आणि विसावे खोके थांबले तरी पहिल्यावर त्याचा काडीचाही भार येत नाही.

आता स्पर्शाचा प्रश्न. सेन्सरने खोके पाहिले म्हणजे ते तत्क्षणी थांबले असे होत नाही. सेन्सरची खूण नियंत्रकापर्यंत पोचून मोटर आवरली जाण्यास थोडा वेळ लागतो, आणि त्यानंतरही खोके वेगामुळे काही अंतर पुढे जाते. वेग सेकंदास अर्धा मीटर असेल आणि खुणेस ०.०५ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात खोके २५ मिलिमीटर पुढे गेलेले असते. वेग दर सेकंदास अडीच मीटरने घटत असेल, तर पूर्ण थांबेपर्यंत आणखी ५० मिलिमीटर जातात. या एकूण ७५ मिलिमीटरांस आपण खोक्याची 'घसरण' म्हणू. सेन्सर खंडाच्या टोकापासून ५० मिलिमीटर आत असेल, तर थांबलेल्या खोक्याचे नाक २५ मिलिमीटर पुढच्या खंडात डोकावत असते.

हे पाहून नवख्यास वाटते की ही घसरणच स्पर्शास कारण होत असावी, आणि तो सेन्सर मागे सरकवू लागतो. वस्तुतः घसरण सर्व खोक्यांची सारखी असेल, तर ती कितीही असली तरी त्यांच्यामधील अंतर बदलत नाही. संपूर्ण रांगच तेवढी पुढे उभी राहते. मधले अंतर ठरते ते पुढील हिशोबाने: खंडाच्या लांबीतून पुढच्या खोक्याची लांबी वजा करावी, आणि त्यात पुढच्या खोक्याची घसरण मिळवून मागच्या खोक्याची घसरण वजा करावी. आपल्या उदाहरणात ६०० मधून ४०० वजा जाता २०० उरतात आणि दोन्ही घसरणी सारख्या असल्याने एकमेकींस छेदतात. म्हणजे प्रत्येक दोन खोक्यांमध्ये २०० मिलिमीटरांचे अंतर राहते.

खरी अडचण घसरणी असमान असताना येते. समजा, याच खंडांवर एके दिवशी ५५० मिलिमीटर लांबीची खोकी आली. वरवर पाहता ती ६०० मध्ये मावतात आणि ५० मिलिमीटर शिल्लक राहतात. परंतु त्यांतील काही भरलेली व काही अर्धवट रिकामी आहेत. हलके खोके लवकर थांबते, त्याची घसरण ४० मिलिमीटर; जड खोक्यास आवरताना मोटर कमी पडते, त्याची घसरण १०० मिलिमीटर. हलके पुढे व जड मागे असे आले, तर ५० अधिक ४० वजा १००, म्हणजे उणे १० मिलिमीटर अंतर येते. उणे अंतर याचा अर्थ टक्कर. हेच दोघे उलट क्रमाने आले असते, तर त्यांच्यामध्ये ११० मिलिमीटरांची मोकळी जागा राहिली असती. म्हणून टक्कर कधी होते आणि कधी होत नाही, असे दिसू लागले की सेन्सरकडे धाव घेण्यापूर्वी कोणत्या वजनामागे कोणते वजन येत आहे, हे पाहावे. खंडाची लांबी ठरवितानाही खोक्याच्या लांबीवर नेमकी किती भर घालावयाची, याचे उत्तर सर्वांत जड व सर्वांत हलक्या खोक्याच्या घसरणींतील फरकात असते. हा फरक मोजणे अवघड नाही: दोन्ही प्रकारची खोकी एकेकदा थांबवून पट्टीने नाकाची जागा मोजावी.

रांग लावण्यापेक्षा ती सोडणे अधिक विचार करावयास लावते. वरील नियम जसाच्या तसा पाळला, तर खोकी एकेक करून सुटतात. अडसर उघडला की पहिला खंड चालू होतो. पण दुसरा खंड पहिल्याचा सेन्सर मोकळा होईपर्यंत हलत नाही. पहिल्या खोक्याचे नाक सेन्सरच्या ७५ मिलिमीटर पुढे असल्याने त्याची शेपूट सेन्सरच्या ३२५ मिलिमीटर मागे असते. वेग घेण्याचा काळ धरून तेवढे अंतर जाण्यास ०.७५ सेकंद व खुणेस ०.०५, असे एकूण ०.८ सेकंद गेल्यावर दुसरे खोके हलते. तिसरे त्यानंतर आणखी ०.८ सेकंदाने. फाटक उघडल्यावर गाड्यांची रांग पुढून मागे हळूहळू जागी होते, तसाच हा प्रकार आहे. ०.८ सेकंदात पुढचे खोके ४०० मिलिमीटर अधिक दूर गेलेले असते. म्हणून उभे असताना २०० मिलिमीटरांचे जे अंतर होते, ते धावताना ६०० मिलिमीटर होते. एका नाकापासून दुसऱ्या नाकापर्यंत पूर्ण एक मीटर, आणि वेग अर्धा मीटर. म्हणजे दर दोन सेकंदांस एक, मिनिटाला ३० खोकी.

दुसरी रीत अशी की, अडसर उघडताच सर्व खंड एकदमच चालू करावयाचे. मग खोकी आगगाडीच्या डब्यांप्रमाणे २०० मिलिमीटरांचे अंतर राखून निघतात. नाकापासून नाकापर्यंत ६०० मिलिमीटर, म्हणून मिनिटाला ५० खोकी. वेग तोच, मोटरी त्याच; फक्त सोडण्याची रीत बदलल्याने ३० चे ५० झाले.

हा फरक कोणास किरकोळ वाटेल, म्हणून आपल्या बाटल्यांच्या खोक्यांस आता एक पुढचे यंत्र जोडू. हे यंत्र लाकडी पॅलेटवर खोक्यांचे थर रचते; ५० खोकी रचून झाली की भरलेले पॅलेट बाहेर काढून रिकामे आत घेण्यास त्यास ४५ सेकंद लागतात. मागचे भरणी-यंत्र मिनिटाला २५ खोकी न थांबता देते. म्हणजे ५० खोकी येण्यास १२० सेकंद लागतात, आणि पॅलेटची एक फेरी तेवढ्यातच उरकली पाहिजे. खोकी एकेक करून सोडली, तर ५० खोक्यांस १०० सेकंद आणि पॅलेट बदलण्यास ४५, मिळून १४५ सेकंद. प्रत्येक फेरीत २५ सेकंदांची तूट येते. रचणी-यंत्र मिनिटाला ५० खोकी घेण्यास समर्थ असले तरी त्यास तेवढी मिळतच नाहीत. अशा वेळी कन्व्हेयर अपुरा आहे असा निष्कर्ष काढून तो लांबविण्याचा सल्ला दिला जातो. पण जी तूट प्रत्येक फेरीत नव्याने येते, ती लांबीने कशी भरणार? पन्नास मीटरांचा कन्व्हेयर बसविला तरी तो भरून जाईल. फक्त थोडा उशिराने.

सर्व खोकी एकदम सोडली तर ६० अधिक ४५, म्हणजे १०५ सेकंदांत फेरी संपते व १५ सेकंद हाती राहतात. तर मग नेहमीच एकदम का सोडू नये? याचे एक कारण विजेचे आहे. स्थिर रोलरास गती देताना मोटर नेहमीपेक्षा अधिक प्रवाह ओढते. २० मोटरी एकाच क्षणी निघाल्या तर २४ व्होल्टचा पुरवठा क्षणभर खचतो, आणि शेवटच्या खंडांतील नियंत्रक बंद पडून पुन्हा चालू होतात. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. एकेक सोडण्यात मागचा खंड पुरावा मिळाल्यावरच हलतो. पुढचे खोके गेले हे सेन्सरने पाहिलेले असते. एकदम सोडण्यात तो विश्वासावर हलतो. पुढचे खोके रोलरांवर अडकून जागीच राहिले असेल, तर मागचे सरळ त्यावर जाऊन आदळते.

व्यवहारात म्हणून मधला मार्ग काढतात. प्रत्येक खंडाने आपल्या पुढचा खंड सुरू झाल्यानंतर ठराविक क्षण थांबून निघावयाचे. किती थांबावयाचे, ते आपल्याला आता सांगता येते. १२० सेकंदांतून पॅलेट बदलण्याचे ४५ वजा केले तर ५० खोक्यांसाठी ७५ सेकंद उरतात, म्हणजे प्रत्येकी दीड सेकंद. एका खंडाची लांबी ओलांडण्यासच १.२ सेकंद लागतात. तेव्हा विलंब ०.३ सेकंदाहून कमी हवा. ०.२५ सेकंद ठेवला तर खोकी १.४५ सेकंदांच्या अंतराने जातात, ५० खोकी साडेबाहत्तर सेकंदांत निघतात आणि फेरी ११७.५ सेकंदांत पुरी होते. धावत्या खोक्यांमधील अंतर २०० वरून ३२५ मिलिमीटर होते, आणि मोटरी एकामागून एक निघाल्याने वीजपुरवठ्यावरही ताण येत नाही. अडकलेल्या खोक्याच्या धोक्यासाठी मात्र एक पहारा ठेवावा लागतो. पूर्ण वेगात असलेले ४०० मिलिमीटरांचे खोके सेन्सरसमोरून ०.८ सेकंदात जाते. तेव्हा रोलर चालू असूनही सेन्सर सलग दोन-तीन सेकंद झाकलेला राहिला, तर काही तरी अडकले आहे असे मानून नियंत्रकाने मागचे खंड थांबवावेत.

तूट अशी भरून निघाली की मग लांबीचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. ४५ सेकंदांत मिनिटाला २५ या दराने जवळजवळ १९ खोकी येतात आणि आपल्यापाशी २० खंड आहेत. तेव्हा जागा पुरेशी आहे असे वाटते. परंतु अडसर लागतो त्या क्षणी कन्व्हेयर रिकामा नसतो. मिनिटाला २५ खोकी अर्ध्या मीटरच्या वेगाने धावत असली, तर त्यांची नाके परस्परांपासून १.२ मीटरवर असतात, म्हणजे १२ मीटरांवर १० खोकी आधीच आहेत. मोकळे खंड १० च, आणि ते २४ सेकंदांत भरतात. उरलेले २१ सेकंद भरणी-यंत्रास थांबावे लागते. दर दोन खंडांपैकी एक असा वाटेतल्या खोक्यांनीच अडविलेला असल्यामुळे १९ खोक्यांच्या जागेसाठी ३८ खंड, म्हणजे सुमारे २३ मीटर लांबी हवी. चिकटून उभ्या राहणाऱ्या रांगेस १२ मीटरांत ३० खोक्यांची जागा मिळत होती. अस्पर्श रांगेत २० ची मिळते. स्पर्श टाळण्याची ही किंमत आहे, आणि ती जागेच्या रूपाने द्यावी लागते.

सेन्सरविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वरील सर्व हिशोब त्याच्या एका 'होय' किंवा 'नाही' वर उभा आहे. सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कन्व्हेयरच्या पलीकडे एक परावर्तक लावलेला असतो; सेन्सरने सोडलेला प्रकाश त्यावरून परत आला तर खंड रिकामा, न आला तर खोके आहे. दुसऱ्या प्रकारात परावर्तक नसतो. प्रकाश खोक्याच्याच अंगावरून परत येतो. आला तर खोके आहे, न आला तर खंड रिकामा. म्हणजे प्रकाशाच्या अभावाचा अर्थ एका ठिकाणी 'आहे' असा, तर दुसऱ्या ठिकाणी 'नाही' असा होतो. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटावयाचे कारण नाही. मराठीत नामास विभक्तिप्रत्यय न लागणे हेदेखील वाक्यात काही तरी सांगतच असते, आणि काय सांगते ते त्या व्यवस्थेवर अवलंबून असते. परंतु कारखान्यात या भेदाचे परिणाम फार वेगळे होतात. परावर्तकावर धूळ बसली तर प्रकाश परत येत नाही. रिकामा खंड भरलेला भासतो आणि मागची खोकी नाहक थांबून राहतात. काम खोळंबते, पण आदळआपट होत नाही. दुसऱ्या प्रकारात काचेवर धूळ बसली किंवा काळ्या रंगाचे खोके आले, तर भरलेला खंड रिकामा भासतो आणि मागचे खोके त्यावर चाल करून येते. जेथे स्पर्श टाळावयाचा आहे, तेथे पहिला प्रकार निवडणे श्रेयस्कर, असे माझे मत आहे. त्याचा दोष दिसतो तरी. रोलर थांबलेले, खंड रिकामा, आणि सेन्सरवरील दिवा 'खोके आहे' असे सांगत असलेला.

तथापि परावर्तकाचा सेन्सरही फसतो. खोक्यांच्या दोन्ही बाजूंस हाताने उचलण्यासाठी छिद्रे पाडलेली असतात आणि आतील बाटल्यांच्या मानांवरून प्रकाश कधीकधी आरपार जातो. छिद्र ८० मिलिमीटर लांब असेल, तर अर्ध्या मीटरच्या वेगात सेन्सरला ०.१६ सेकंद 'मोकळे' दिसते. एकेक सोडण्याच्या रीतीत मागचा खंड तेवढ्यावरून निघतो आणि प्रकाश पुन्हा अडताच थांबतो. मागचे खोके दचकल्यासारखे पुढे सरकून थबकते, हे या दोषाचे लक्षण होय. प्रत्येक खेपेस ते थोडे पुढच्या खंडात शिरते व अंतर कमी होते. यावर नियंत्रकात असा बंदोबस्त करतात की, सेन्सर सलग ०.२ सेकंद मोकळा दिसल्याशिवाय तो मोकळा मानावयाचा नाही. उपाय सोपा आहे, पण फुकट नाही. प्रत्येक खोक्यामागे ०.२ सेकंदाची भर पडून नाकांमधील अंतर १.१ मीटर होते आणि मिनिटाला ३० ऐवजी २७ खोकीच जातात. सेन्सर छिद्राच्या खाली आणून बसविता आला, तर ही तीन खोकी वाचतात. दोष सापडला की विलंबाचा आकडा वाढवीत जाण्याची सवय पुष्कळ ठिकाणी असते. तिच्यामुळे कन्व्हेयर दरवर्षी थोडा थोडा मंद होत जातो आणि का, ते कोणास उमगत नाही.

शेवटी, या व्यवस्थेच्या एका मर्यादेचा उल्लेख करावयास हवा, कारण तिच्याविषयी गैरसमज फार. खंडनियंत्रण असलेले अंतर राखते. टेकून आलेल्या खोक्यांमध्ये ते नवे अंतर निर्माण करील असा भरवसा नसतो. भरणी-यंत्राकडून दोन खोकी एकमेकांस टेकूनच आली, तर वाटेत त्यांस वेगळे करणारे काही नाही. अडसरापाशी पहिले थांबले की दुसऱ्याचे नाक पहिल्या खंडात २२५ मिलिमीटर शिरलेले असते आणि शेपूट दुसऱ्या सेन्सरला झाकून असते. नियमाप्रमाणे दोन्ही खंड थांबतात, दाबही नसतो, पण स्पर्श तसाच राहतो. सोडताना तर अधिकच घोटाळा होतो. पहिला खंड फिरू लागला की दुसऱ्या खोक्याचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच्याच रोलरांवर असल्यामुळे तेही पहिल्याबरोबर ओढले जाते. पहिल्या सेन्सरला दोन्ही मिळून ८०० मिलिमीटरांचे एकच लांब खोके दिसते, आणि रचणी-यंत्र एका जागी दोन खोकी पाहून थांबते.

अंतर निर्माण करावयाचे असेल तर ते संचयी भागाच्या आधीच करावे लागते. त्यासाठी भरणी-यंत्रापुढे एक मंद पट्टा ठेवतात. मंद पट्ट्यावरून वेगवान पट्ट्यावर जाताना पुढचे खोके आधी वेग घेते आणि मागच्यापासून दूर होते; नाकांमधील अंतर दोन वेगांच्या गुणोत्तराने वाढते. टेकलेल्या खोक्यांची नाके ४०० मिलिमीटरांवर असतात आणि आपल्याला ती खंडाच्या लांबीइतकी, म्हणजे ६०० मिलिमीटरांवर हवी आहेत. तेव्हा गुणोत्तर दीड असावे. कन्व्हेयरचा वेग सेकंदास ०.५ मीटर असल्यास मंद पट्टा ०.३३ मीटरने चालवावा. एवढ्या वेगातही तो मिनिटाला ५० खोकी नेऊ शकतो, म्हणून भरणी-यंत्राच्या २५ खोक्यांस त्याची आडकाठी होत नाही. फक्त दोन्ही पट्ट्यांचा पृष्ठभाग खोक्यास घट्ट धरणारा असावा. खोक्याचे अर्धे वजन वेगवान पट्ट्यावर गेले की ते पुढे खेचले जावयास हवे. तेथे ते घसरत राहिले, तर ठरविलेले २०० मिलिमीटरांचे अंतर प्रत्यक्षात दीडशे किंवा शंभर भरते. ही घसर डोळ्यांस दिसत नाही. ती पाहावयाची असेल, तर संचयी भागाच्या पहिल्या सेन्सरसमोरून जाणाऱ्या दहा-वीस जोड्यांमधील मोकळा काळ मोजावा. तो ०.४ सेकंद भरला पाहिजे.